खोलीतले चौदा, पडद्यावरचे नऊ

आमच्या सोसायटीत चोवीस घरं आहेत. चोवीसही घरांतली माणसं एकाच संध्याकाळी पुण्यात असतील असा दिवस वर्षभरात उगवत नाही. एक घरमालक बेंगळुरूला, एक दुबईत, दोघांची मुलं न्यू जर्सीला आणि आईवडील सध्या त्यांच्याकडे. चौथ्या मजल्यावरच्या आजींना गुडघ्यांमुळे खाली उतरता येत नाही. म्हणून गच्ची गळू लागली तेव्हा सभा क्लबहाउसमध्येही घ्यायची आणि ऑनलाइनही, असं ठरलं. ज्यांना शक्य आहे त्यांनी खुर्चीवर बसावं, बाकीच्यांनी लिंक उघडावी.

ती पहिली सभा पार फसली. टेबलाच्या टोकाला एक लॅपटॉप ठेवला होता. सुरू होताच कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली, मग कुणीतरी लॅपटॉपचा आवाजच बंद केला आणि चर्चा रंगली. ठेकेदाराचा दर मान्य झाला, चहा झाला. लॅपटॉप मिटायला गेलेल्या सेक्रेटरींना चॅटमध्ये एकतीस निरोप दिसले. पहिला सात वाजून आठ मिनिटांचा होता: आवाज येत नाहीये. मग तोच चार घरांकडून. मग एक-दोन प्रश्न. मग, कोणी वाचतंय का? शेवटचा निरोप आठ वाजून दोन मिनिटांचा: आम्ही निघतो. दुसऱ्या दिवशी त्या घरांनी निर्णय मानायला नकार दिला आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. सगळं पुन्हा करावं लागलं.

दुसऱ्या सभेच्या तयारीत मी बराच वेळ घातला. अशा सभा का फसतात, हे मला त्यातून कळलं. इंटरनेट कमी पडतं म्हणून त्या क्वचितच फसतात. फसतात त्या दोन कारणांनी. खोलीतला आवाज बाहेर नीट जात नाही, हे एक. आणि बाहेरच्या माणसाला बोलायला जागा मिळत नाही, हे दुसरं. पहिल्यावरचा उपाय टेबलावर असतो, दुसऱ्यावरचा एका माणसात.

आधी ती शिट्टी. लॅपटॉपच्या स्पीकरमधून पलीकडच्या माणसाचा आवाज बाहेर पडतो आणि शेजारीच असलेल्या माइकमध्ये शिरतो. तो तसाच परत गेला असता तर पलीकडच्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं असतं. तसं होत नाही, कारण आपण आत्ता काय वाजवलं ते सॉफ्टवेअरला माहीत असतं आणि माइकमध्ये आलेल्या आवाजातून ते तेवढा भाग वजा करतं. आता त्याच खोलीत कुणी हौसेनं आपल्या फोनवरही लिंक उघडली, तर फोननं काय वाजवलं हे लॅपटॉपला कळायचा मार्ग नाही. फोनचा आवाज लॅपटॉपच्या माइकमध्ये, लॅपटॉपचा फोनच्या माइकमध्ये, असं चक्र फिरत राहतं आणि प्रत्येक फेरीत वाढत जातं. तीच शिट्टी. आमच्या पहिल्या सभेत खोलीतल्या दोघांनी हजेरी लागावी म्हणून फोनवर लिंक उघडली होती.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. फोन म्यूट केला की झालं, असं त्यांना वाटतं. म्यूट केल्यानं फोनचा माइक बंद होतो, स्पीकर नाही. शिट्टी थांबली तरी फोनमधून अर्ध्या सेकंदानं उशिरा येणारा आवाज लॅपटॉपच्या माइकमध्ये जातच राहतो आणि पलीकडच्यांना सगळं दोनदा ऐकू येतं. म्हणून खोलीतल्या इतर उपकरणांनी आवाज जोडायचाच नाही. गूगल मीटमध्ये यासाठी Companion mode आहे. त्यातून आत आलं की चॅट दिसतं, हात वर करता येतो, पण माइकही नाही आणि स्पीकरही नाही. झूममध्ये आत शिरताना ऑडिओ जोडू का असं विचारतात, तिथे जोडायचा नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्याला स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येतो, त्याच्याकडे सहसा दोष नसतो. दोष समोरच्या टोकाला असतो. न्यू जर्सीहून कुणी म्हणालं की माझंच बोलणं मला परत ऐकू येतंय, तर त्यांना हेडफोन लावायला सांगून उपयोग नाही. आपल्याच खोलीत दुसरा स्पीकर कुठे उघडा आहे ते शोधायचं.

मग माइकचं अंतर. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत थेट पोचणारा आवाज सुमारे सहा डेसिबलनं उतरतो. खोलीत भिंतींवर आपटून घुमणारा आवाज मात्र सगळीकडे जवळपास सारखाच भरलेला असतो. म्हणजे माणूस माइकपासून लांब गेला की नुसतं हळू ऐकू येत नाही, तर घुमणं जास्त आणि शब्द कमी असं होतं. क्लबहाउसला फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रा, त्यामुळे आमच्याकडे तीन मीटरवरून बोललेलं पलीकडे विहिरीतून आल्यासारखं जायचं. आवाज वाढवला की घुमणंही वाढतं, त्यामुळे तो उपाय नव्हे. दुसऱ्या वेळी आम्ही माइक आणि स्पीकर एकत्र असलेलं गोल यंत्र एका दिवसासाठी मागून आणलं, ते मधोमध स्टुलावर ठेवलं आणि खुर्च्या रांगेत न मांडता भोवती गोल मांडल्या. कुणीही दोन मीटरपेक्षा लांब नव्हतं. खाली सतरंजी अंथरली, त्यानंही बराच फरक पडला.

तपासणीही नीट करावी लागते. येतोय का आवाज, असं विचारलं की सगळे हो म्हणतात, कारण ओळखीचं वाक्य अर्धं ऐकू आलं तरी मेंदू ते पुरं करतो. आकड्यांचं तसं होत नाही. सभेच्या आदल्या संध्याकाळी एकानं आपल्या घरी जाऊन लिंक उघडली आणि खाली सगळ्यात लांबच्या खुर्चीवरून दुसऱ्यानं मनाला येतील ते दहा आकडे वाचले. वरच्यानं ते ऐकून परत सांगायचे. पहिल्या फेरीत दहापैकी सहा बरोबर आले. पंखे एकाच्या वेगावर आणले, स्टूल थोडं सरकवलं आणि मग दहाही आले.

खोलीतल्यांना एक गोष्ट समजावून सांगावी लागते, नुसती ताकीद देऊन भागत नाही. दोघं बोलत असताना शेजारी बसलेले दोघं कुजबुजले तर खोलीत कुणाचं काही बिघडत नाही. आपल्याला दोन कान आहेत. आवाज कुठल्या बाजूनं येतोय हे त्यांच्यामुळे कळतं आणि नको तो आवाज मन बाजूला ठेवू शकतं. कॉलिन चेरी या इंग्लंडमधल्या संशोधकानं १९५३ मध्ये याच गोष्टीवर प्रयोग केले. दोन वेगवेगळी बोलणी दोन कानांत दिली तर माणूस हवं ते सहज धरतो. दोन्ही मिसळून ऐकवली तर ती सुटी करताना त्याची दमछाक होते. माइकमधून पलीकडे जातं ते असं मिसळलेलंच. आपल्याला जी कुजबुज वाटते, ती बेंगळुरूच्या माणसाला भाषणावरच ओतल्यासारखी ऐकू येते. हे सांगितल्यावर आमच्याकडची कुजबुज खरंच थांबली.

आवाजाचं एवढं केलं की पहिलं कारण मिटतं. दुसरं यानं मिटत नाही आणि माझ्या मते तेच मोठं आहे.

गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? भाषाशास्त्रज्ञ टान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगातल्या दहा भाषांमध्ये हे मोजलं. हो-नाही उत्तराचे प्रश्न घेतले आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. सरासरी निघाली सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी, सुमारे २०० मिलिसेकंद. डॅनिश, जपानी, लाओ, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच. त्या दहांत मराठी नव्हती, पण कट्ट्यावर किंवा सभेत बसलेल्या कुणालाही हा वेग ओळखीचा वाटेल. समोरचा थांबतोय असं दिसलं की आपण श्वास घेऊन तयारच असतो.

आता न्यू जर्सीचा माणूस घ्या. पुण्यापासून तिथवरचं सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नुसत्या प्रवासालाच साठ-पासष्ट मिलिसेकंद लागतात. केबल सरळ रेषेत नसतात, वाटेत सर्व्हर असतो आणि दोन्ही टोकांचं सॉफ्टवेअर आवाज तुटू नये म्हणून तो थोडा साठवून मग सोडतं. फोनच्या बोलण्यात एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहावा अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. व्हिडिओ सभेत तो सहज त्यापुढे जातो. अध्यक्षांचं वाक्य संपलं हे त्या माणसाला उशिरा कळतं, आणि त्यानं लगेच तोंड उघडलं तरी त्याचा आवाज खोलीत आणखी तेवढ्याच उशिरानं पोचतो. तोवर खोलीतल्या कुणीतरी ती २०० मिलिसेकंदांची फट पकडलेली असते. दर वेळी. म्हणून ऑनलाइन बसलेला शहाणासुरता माणूसही दोन-तीनदा अर्धवट तोंड उघडतो आणि मग गप्प होतो. खोलीतल्यांना वाटतं, त्यांना काही बोलायचं नाहीये.

हे सौजन्यानं सुटत नाही, कारण यात कुणाचा उद्धटपणा नसतोच. शर्यतच अशी आहे की लांबचा माणूस जिंकू शकत नाही. त्याला बोलायची संधी मिळवायला लावू नये, ती दिली पाहिजे. चॅटवर एक माणूस बसवायचा तो यासाठी.

हे काम अध्यक्षांचं नाही. अध्यक्षांचे डोळे खोलीवर असतात आणि असायलाच हवेत. इतिवृत्त लिहिणाऱ्याचंही नाही, कारण वाक्य लिहून काढताना पडद्यावर काय उमटलं ते दिसत नाही. लॅपटॉप आणि केबल बघणाऱ्याचंही नाही, कारण त्याला नेमकं गडबडीच्या वेळी उठावं लागतं आणि नेमकं तेव्हाच चॅट भरतं. आमच्याकडे हे काम दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला दिलं. ती स्वतः सभासद नव्हती, त्यामुळे तिला चर्चेत पडायचं नव्हतं, ही मोठी सोय झाली. ज्याला विषयात स्वतःचं मत हिरिरीनं मांडायचं आहे त्याच्याकडे चॅट देऊ नये. तो बोलत असताना चॅट कुणीच बघत नाही.

तिला अध्यक्षांच्या समोर, अगदी नजरेच्या रेषेत बसवलं. शेजारी बसवलं की कोपरानं खुणवावं लागतं आणि अध्यक्ष बोलत असताना ते जमत नाही. तिच्याकडे स्वतःचा लॅपटॉप, एक वही आणि एका कानात इअरफोन. माइक बंद. इअरफोनमधला आवाज कानातच राहतो, त्यामुळे प्रतिध्वनीचा प्रश्न येत नाही, आणि पलीकडच्यांना जे ऐकू जातंय तेच तिला ऐकू येतं. खोलीतलं बोलणं एका कानात थेट आणि दुसऱ्या कानात उशिरा, हे पहिली पाच मिनिटं त्रासदायक होतं असं ती म्हणाली. पण यामुळेच सभेत एकदा यंत्राची वायर निघाली तेव्हा चॅटमध्ये तक्रार यायच्या आत तिला कळलं. दोन खुणा ठरल्या होत्या. तळहात वर केला तर, प्रश्न आहे, सवडीनं घ्या. उभी राहिली तर, आवाज गेलाय, बोलणं लगेच थांबवा. ती उभी राहिली, अध्यक्ष वाक्याच्या मध्येच थांबले, वायर लागली आणि तेच वाक्य पुन्हा सुरू झालं. पहिल्या सभेत याच बिघाडाला चोपन्न मिनिटं कुणी विचारलं नव्हतं.

लोक आत येऊ लागले तेव्हा तिचं पहिलं काम नावांचं होतं. पडद्यावर कुणी iPhone म्हणून येतं, कुणी मुलाच्या नावानं. तिला सह-होस्ट केलेलं असल्यामुळे प्रत्येकाला विचारून तिनं घराचा क्रमांक आणि आडनाव असं बदलून दिलं. पुढे प्रश्न वाचताना, हात मोजताना आणि इतिवृत्तात लिहिताना सगळीकडे हेच लागतं. उशिरा आलेल्यांना आधीचं चॅट बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणून ठेकेदाराच्या अंदाजपत्रकाची लिंक आणि चालू असलेल्या विषयाचा क्रमांक ती नवं माणूस आलं की पुन्हा टाकायची.

आता मुख्य काम, म्हणजे प्रश्न. चॅटमध्ये येणारं सगळं वाचून दाखवायचं नसतं. आवाज किंवा चित्राची तक्रार असेल तर ती त्याच क्षणी. बरोबर आहे, आमचंही तेच म्हणणं, अशा निरोपांची वहीत नुसती नोंद, आणि विषय संपताना, याला तीन घरांचा दुजोरा आहे, एवढं सांगायचं. प्रश्न आणि हरकती मात्र शब्द न् शब्द, घराच्या क्रमांकासह वाचायच्या. सारांश करायचा नाही. सारांश करताना वाचणाऱ्याची समजूत त्यात मिसळते, आणि लिहिणारा इतका लांब असतो की त्याला वेळेवर, तसं नव्हे, असं म्हणता येत नाही.

आपल्याकडे यात एक खास अडचण आहे, ती म्हणजे रोमन लिपीतली मराठी. त्या दिवशीचा प्रसंग सविस्तर सांगतो. गच्ची ३,६०० चौरस फुटांची. ठेकेदार समोर बसले होते. जुना थर काढून विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा करायचा, दर चौरस फुटाला ११० रुपये, म्हणजे ३ लाख ९६ हजार, म्हणजे घरटी साडेसोळा हजार. दरावर घासाघीस चालू होती. ठेकेदार एकशे दहाच्या खाली यायला तयार नव्हते. तेवढ्यात बेंगळुरूहून २०६ नंबरच्या घराचा निरोप आला:

Gacchicha dar badalnar ka?

खोलीत दराचीच चर्चा चालली होती. कुणीही हे, गच्चीचा दर बदलणार का, असंच वाचलं असतं. अध्यक्षांनी, नाही, ठेकेदार एकशे दहावर ठाम आहेत, असं उत्तर दिलं असतं आणि विषय पुढे सरकला असता. मुलीनं वाचलं नाही. तिनं तळहात वर केला आणि चॅटमध्येच देवनागरीत विचारलं: दर की दार? अर्ध्या मिनिटानं उत्तर आलं:

Daar. Khalun pani jinyat yeta.

गच्चीचं दार बदलणार का, असा प्रश्न होता. हे सभासद चौथ्या मजल्यावर पूर्वी भाड्यानं राहिले होते आणि पावसात गच्चीच्या दाराखालून पाणी जिन्यात येतं हे त्यांनी पाहिलेलं होतं. प्रश्न वाचला गेला तेव्हा ठेकेदारांनी मान वर केली. नवा कोबा झाला की गच्चीची पातळी दाराशी साधारण दोन इंच चढणार होती. दाराचा उंबरा आत्ताच जेमतेम तीन इंचांचा आहे. म्हणजे पाणी अडवायला एक इंच उरणार, आणि बाहेर उघडणारं लाकडी दार कोब्याला घासणार. वॉटरप्रूफिंगचा थर उंब्याशी वर वळवून घ्यावा लागतो, त्यालाही जागा राहणार नाही. अंदाजपत्रकात यातलं काहीच धरलेलं नव्हतं. तिथेच हिशेब झाला. उंबरा उंच करणं आणि लोखंडी दार बसवणं मिळून बारा हजार, म्हणजे घरटी पाचशे. साडेसोळाचे सतरा हजार झाले आणि कुणी कुरकुर केली नाही, कारण कशासाठी ते सगळ्यांना समोर दिसत होतं. एक काना वाचण्यात चुकला असता तर पहिल्याच पावसात जिन्यात पाणी असतं.

म्हणून वाचण्याआधी शंका आली तर लिहिणाऱ्यालाच विचारायचं, हा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. शंका यावी यासाठी वाचणाऱ्याला मराठी चांगली यायला हवी आणि त्याच्यावर घाईचं दडपण नको.

हात वर करणाऱ्यांचा प्रश्नही तिनंच सोडवला. खोलीत हात वर होतात ते अध्यक्षांना दिसतात, ऑनलाइन बटण दाबून वर केलेले हात फक्त पडद्यावर. दोन रांगा असल्या की डोळ्यांसमोरची रांग आधी संपते. म्हणून दोन्हीकडचे हात ज्या क्रमानं वर झाले त्या क्रमानं ती वहीत एकाखाली एक लिहायची आणि अध्यक्ष तिच्याकडे बघून पुढचं नाव घ्यायचे. ऑनलाइन माणसाचं नाव आलं की अध्यक्ष म्हणायचे, ३०३, बोला, आणि मग पाच सेकंद गप्प राहायचे. म्यूट काढायला आणि आवाज पोचायला तेवढा वेळ लागतो. खोलीत पाच सेकंदांची शांतता फार लांब वाटते, कुणीतरी ती भरायला धावतंच. आमच्या अध्यक्षकाकांनी त्यासाठी चक्क हात आडवा धरून ठेवला होता.

लिहिणाऱ्यांना त्याहून जास्त वेळ लागतो. ऑनलाइन कुणाला काही विचारायचंय का, असं म्हणून तीन सेकंदांत पुढे जाणं म्हणजे न विचारण्यासारखंच. फोनवर दहा शब्द टाइप करायला अर्धं मिनिट सहज जातं, वयस्क माणसांना त्याहून जास्त. त्यामुळे विषय संपवायच्या पाच मिनिटं आधीच अध्यक्ष सांगायचे की आता लिहायला घ्या. मग खोलीतला शेवटचा माणूस बोलत असताना पलीकडे टाइप होत असायचं.

खासगी निरोपांचं आधीच ठरवून जाहीर करावं. चॅटमध्ये सगळ्यांना आणि एकालाच असे दोन्ही निरोप पाठवता येतात. एका घराला मेंटेनन्स थकल्याबद्दल विचारायचं होतं पण नाव नको होतं. त्यांनी मुलीला एकटीला लिहिलं आणि तिनं, एका सभासदाचा प्रश्न आहे, असं म्हणून वाचला. उत्तर लिहिताना मात्र Everyone निवडलेलं आहे की त्या एकाच माणसाचं नाव, हे दर वेळी बघावं लागतं. घाईत सगळ्यांना गेलेलं उत्तर परत घेता आलं तरी ते वाचलेलं परत घेता येत नाही.

शेवटी कल घेतला. आधी ऑनलाइन आणि मग खोलीत, मुद्दाम याच क्रमानं, कारण खोलीत चौदा हात वर झालेले पाहिल्यावर लांबच्या माणसाला वेगळं मत नोंदवणं जड जातं. प्रत्येक घरानं क्रमांक आणि हो किंवा नाही एवढंच लिहायचं. मुलीनं वहीत टिक करून नऊही घरांची उत्तरं मोठ्यानं वाचली, ज्यांचं चुकीचं वाचलं गेलं असेल त्यांनी लगेच सांगावं म्हणून. हा कल होता, ठराव नव्हता. सोसायटीच्या सभेत ऑनलाइन मत कायद्यानं धरलं जातं की नाही, हे उपविधी आणि त्या वेळचे शासनाचे आदेश यांवर ठरतं. ते उपनिबंधक कार्यालयात विचारून घ्यावं आणि सभेच्या नोटिशीतच लिहावं. सभेनंतर विचारलं तर उशीर झालेला असतो.

सभा संपल्यावर खोलीतले उठले, खुर्च्या सरकल्या. मुलगी बसूनच होती. तिला दोन गोष्टी करायच्या होत्या. होस्टनं सभा बंद करायच्या आधी चॅट उतरवून घ्यायचं, कारण नंतर ते मिळेलच असं नाही. आणि आणखी पाच मिनिटं थांबायचं, कारण सगळे बोलून झाल्यावर ज्यांना धीर येतो अशी माणसं असतात. तिसऱ्या मिनिटाला चौथ्या मजल्यावरच्या आजींचा निरोप आला. संपूर्ण सभेत त्या काहीच बोलल्या नव्हत्या. देवनागरीत, सावकाश टाइप केलेला, पूर्णविरामासकट.

माझ्या स्वयंपाकघरातली ओल पावसाळा नसतानाही असते. ती गच्चीची नसावी. वर टाकी आहे.

मुलीनं तो वाचला तेव्हा ठेकेदार दारापर्यंत पोचले होते. ते परत आले, खुर्ची ओढून बसले आणि लॅपटॉपकडे वाकून आजींना विचारू लागले की ओल सकाळी जास्त असते की संध्याकाळी, आणि पंप किती वाजता लावतात.